पंचवीस डिसेंबरच का, आणि बारा दिवस कुठून मोजायचे : प्रचलित उत्तरांचा तुलनात्मक आढावा

पुण्यात डिसेंबर लागला की चर्चच्या मासिक पत्रिकेचे, शाळेतील भित्तिपत्रकाचे किंवा सोसायटीच्या सूचनाफलकाचे काम ज्यांच्याकडे असते, त्यांना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. ख्रिस्तजन्माचा सण २५ डिसेंबरलाच का येतो याचे कोणते स्पष्टीकरण छापायचे, ही पहिली. आणि नाताळचे बारा दिवस कोणत्या तारखेपासून मोजून गोठा व चांदणी कधी उतरवायची, ही दुसरी. दोन्ही बाबतींत दोन-दोन उत्तरे प्रचारात आहेत, आणि प्रत्येक उत्तर सांगणारा दुसरे उत्तर अस्तित्वातच नसल्यासारखा बोलतो. वरवर पाहता हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. पण ‘बारा’ हा आकडा आला कुठून असे विचारले की ते एकमेकांत गुंतलेले दिसतात, आणि म्हणून त्यांचा विचार एकत्र केलेला बरा.

आधी निर्विवाद काय आहे ते पाहू. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची कथा आहे, पण दोन्हींत महिना किंवा तारीख नाही. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने आपल्या काळी लोक सांगत असलेल्या काही तारखांची नोंद केली आहे. त्या इजिप्शियन महिन्यांत दिलेल्या असून आपल्या गणनेत एप्रिलचा उत्तरार्ध आणि २० मे अशा येतात. २५ डिसेंबरचा त्यांत मागमूस नाही. त्यानंतर काही दशकांनी ओरिजेनने तर असा शेरा मारला की पवित्र शास्त्रात आपला वाढदिवस साजरा करताना फारो आणि हेरोद यांच्यासारखी पापी माणसेच दिसतात. म्हणजे तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा सण सर्वमान्य झालेला नव्हता, एवढे खात्रीने म्हणता येते.

२५ डिसेंबरची पहिली भक्कम नोंद रोममध्ये सापडते, आणि ती ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथात दोन्ही पक्षांचा पुरावा असल्यामुळे त्याच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. फिलोकालुस नावाच्या प्रसिद्ध सुलेखनकाराने वॅलेंटिनुस या श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी इसवी सन ३५४ साली एक सचित्र पंचांगसंग्रह तयार केला. त्यात रोमन सणांचे सरकारी पंचांग आहे, कॉन्सुलांची यादी आहे, आणि त्यांखेरीज रोमच्या चर्चच्या दोन छोट्या याद्या आहेत : एक दिवंगत बिशपांच्या दफनदिनांची आणि दुसरी रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांच्या, स्मृतिदिनांची. रक्तसाक्ष्यांच्या यादीतील पहिलीच ओळ अशी : जानेवारीच्या पहिल्या तारखेपूर्वीच्या आठव्या दिवशी यहूदियातील बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. रोमन पद्धतीत दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजतात, म्हणून १ जानेवारी हा पहिला, ३१ डिसेंबर दुसरा, असे मागे जात आठवा दिवस २५ डिसेंबर ठरतो. ही मोजणी वाचकांनी लक्षात ठेवावी. बारा दिवसांच्या भांडणात ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

ग्रंथ ३५४ सालचा असला तरी अभ्यासक ‘३३६’ हे साल सांगतात, ते का, हे फार थोड्या ठिकाणी समजावलेले असते. बिशपांची यादी वर्षातील तारखांच्या क्रमाने लावलेली आहे. ती डिसेंबरच्या अखेरीस, ख्रिस्तजन्माच्या तारखेनंतर सुरू होते आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत जाते. ३१ डिसेंबर ३३५ रोजी वारलेला सिल्वेस्टर त्या क्रमात आपल्या योग्य जागी बसला आहे. पण ऑक्टोबर ३३६ मध्ये वारलेला मार्कुस आणि एप्रिल ३५२ मध्ये वारलेला युलियुस हे दोघे क्रम मोडून अगदी शेवटी जोडलेले आहेत. याचा सरळ अर्थ असा की मूळ यादी सिल्वेस्टरच्या मृत्यूनंतर आणि मार्कुसच्या मृत्यूपूर्वी, म्हणजे ३३६ च्या पहिल्या नऊ-दहा महिन्यांत तयार झाली, आणि नंतर तिला पुरवण्या लागल्या. रक्तसाक्ष्यांची यादी तिची जोडीदार मानली जाते आणि तिचेही वर्ष ख्रिस्तजन्मापासून सुरू होते, म्हणून रोमच्या चर्चमध्ये ३३६ साली ही तारीख रूढ होती असे अनुमान निघते. अनुमानच, पण चांगल्या प्रतीचे.

आता पहिला पक्ष. तो म्हणतो की रोममध्ये २५ डिसेंबरला ‘अजिंक्य सूर्या’चा जन्मदिन साजरा होत असे, सम्राट ऑरेलियनने २७४ साली सूर्याचे भव्य मंदिर बांधून त्या उपासनेला राजाश्रय दिला, आणि चर्चने लोकांना त्या उत्सवापासून वळवण्यासाठी त्याच दिवशी ख्रिस्तजन्माचा सण ठेवला. या मताला आधार आहे तो त्याच ३५४ च्या संग्रहातील सरकारी पंचांगाचा : २५ डिसेंबरपुढे ‘अजिंक्याचा जन्मदिन, रथांच्या तीस शर्यती’ अशा अर्थाची नोंद आहे. शिवाय ज्युलियस सीझरने सुधारलेल्या दिनदर्शिकेत हिवाळी अयनदिन परंपरेने २५ डिसेंबरलाच धरला जाई. प्लिनीनेही तसेच लिहिले आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवस, त्यानंतर वाढू लागणारा प्रकाश आणि ‘जगाचा प्रकाश’ म्हणवणारा ख्रिस्त, यांची सांगड मनाला लगेच पटते. या मताच्या लोकप्रियतेचे खरे कारण हीच सहजता असावी असे मला वाटते.

पण कागदपत्रे घेऊन बसले की अडचणी दिसू लागतात. ऑरेलियनच्या मंदिराचे साल नक्की आहे, पण त्याची प्रतिष्ठापना २५ डिसेंबरला झाली असे समकालीन कोणीही लिहिलेले नाही. ते मागाहून जोडलेले अनुमान आहे. त्याच पंचांगात सूर्याचे मोठे खेळ ऑक्टोबरच्या १९ ते २२ या तारखांना दिलेले आहेत आणि २२ ऑक्टोबरला छत्तीस शर्यती आहेत, म्हणजे डिसेंबरपेक्षा अधिक. ऑगस्टमध्ये आणि ११ डिसेंबरलाही सूर्याचे जुने दिवस होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २५ डिसेंबरच्या सूर्योत्सवाची सर्वांत जुनी नोंद आणि ख्रिस्तजन्माची सर्वांत जुनी भक्कम नोंद या दोन्ही एकाच ग्रंथात आहेत, आणि वर सांगितल्याप्रमाणे ख्रिस्ती यादीचा मूळ भाग त्या ग्रंथापेक्षाही जुना ठरतो. तेव्हा कोणी कोणाच्या दिवसावर आपला दिवस बसवला, हे या पुराव्यावरून सांगता येत नाही. चौथ्या शतकातील ख्रिस्ती लेखक सूर्याची उपमा मोकळेपणाने वापरतात, पण ‘आम्ही हा दिवस मूर्तिपूजकांकडून घेतला’ असे त्यांपैकी कोणी सांगत नाही. तसे स्पष्ट सांगणारी जी टीप पुष्कळदा पुढे केली जाते, ती बाराव्या शतकातील एका सिरियन लेखकाच्या ग्रंथाला जोडलेली आहे, म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी. काही ठिकाणी सॅटर्नेलिया या उत्सवाचेही नाव घेतले जाते. तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ च्या सुमारास संपत असे, त्यामुळे तारखेच्या प्रश्नात त्याला विशेष स्थान नाही.

दुसरा पक्ष गणिताचा आहे. फ्रेंच इतिहासकार लुई दुशेन याने तो १८८९ साली मांडला आणि अमेरिकन उपासनाशास्त्रज्ञ थॉमस टॅली याने १९८६ साली त्याला नवे बळ दिले. त्याचा गाभा असा : प्राचीन ख्रिस्ती लोकांना जन्मापेक्षा मरणाच्या तारखेत अधिक रस होता, कारण वधस्तंभावरील मरण वल्हांडणाच्या सणाशी, म्हणजे यहुदी निसान महिन्याच्या चौदाव्या दिवसाशी बांधलेले होते. निसान हा चांद्र महिना. तो सौर दिनदर्शिकेत बसवताना लॅटिन पश्चिमेने २५ मार्च ही तारीख धरली. तर्तुल्यनाच्या लेखनात, म्हणजे इसवी सन २०० च्या आसपासच, ती आढळते. आशिया मायनरमध्ये मात्र स्थानिक सौर पंचांगातील वसंताच्या पहिल्या महिन्याचा चौदावा दिवस धरणारे लोक होते. तो महिना २४ मार्चला सुरू होई. २४ मार्च पहिला, ३१ मार्च आठवा, असे मोजत चौदावा दिवस ६ एप्रिलला येतो. सोझोमेन या इतिहासकाराने मोंतानपंथीयांची, म्हणजे त्या भागातील एका वेगळ्या ख्रिस्ती पंथाची, हीच प्रथा नोंदवली आहे.

याला जोडून एक श्रद्धा होती : ख्रिस्ताचे पृथ्वीवरील आयुष्य पूर्ण वर्षांचे होते, म्हणून ज्या तारखेला तो मरण पावला त्याच तारखेला मरीयेच्या उदरी त्याची गर्भधारणा झाली. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन हे स्पष्ट शब्दांत सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गर्भधारणा आणि मरण दोन्ही २५ मार्चचे मानले जाते आणि जन्म परंपरेने २५ डिसेंबरचा. आता हिशेब करून पाहावा. २५ मार्चपासून नऊ महिने पुढे गेले की २५ डिसेंबर येतो. ६ एप्रिलपासून नऊ महिने पुढे गेले की ६ जानेवारी येतो. दिवस मोजले तर दोन्ही अंतरे बरोबर २७५ दिवसांची आहेत. आणि ६ जानेवारी ही तीच तारीख आहे, जिच्यावर पूर्वेकडील अनेक चर्चेस चौथ्या शतकात ख्रिस्तजन्म साजरा करत होती आणि आर्मेनियन चर्च आजही करते.

इथे दोन प्रश्नांची गाठ पडते. २५ मार्च आणि ६ एप्रिल यांत बारा दिवसांचे अंतर आहे. २५ डिसेंबर आणि ६ जानेवारी यांतही तेवढेच आहे. गणिताचा पक्ष खरा असेल तर नाताळचे बारा दिवस कोणी बसून ठरवले नाहीत. मरणाच्या एकाच दिवसाचे दोन प्रदेशांनी केलेले दोन हिशेब बारा दिवसांनी चुकले, आणि ती चूक नऊ महिने पुढे सरकून सणांच्या रूपाने टिकून राहिली. सूर्योत्सवाच्या मताला हे साधत नाही. ६ जानेवारीसाठी त्याला वेगळी कथा शोधावी लागते, आणि ती आहेही : चौथ्या शतकातील एपिफॅनियुस अलेक्झांड्रियात ५ जानेवारीच्या रात्री एका कुमारी देवतेच्या मंदिरात होणाऱ्या जागराचे वर्णन करतो. पण मग दोन तारखांसाठी दोन स्वतंत्र योगायोग मानावे लागतात.

तरीही हा पक्ष निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. २५ मार्चवरून २५ डिसेंबर काढताना कोणी दिसत असेल तर तो सण रूढ झाल्यानंतर दिसतो. ऑगस्टीनचे वाक्य पाचव्या शतकाच्या आरंभीचे आहे, म्हणजे रोमच्या यादीनंतर दोन-तीन पिढ्यांचे. तयार तारखेला मागाहून दिलेले समर्थनही असेच दिसले असते. यहुदी परंपरेत महापुरुष ज्या महिन्यात जन्मले त्याच महिन्यात वारले असे म्हटलेले सापडते, पण ते जन्माविषयी आहे, गर्भधारणेविषयी नव्हे. शिवाय ६ जानेवारीचा सर्वांत जुना उल्लेख क्लेमेंटच्याच लेखनात येतो, आणि तिथे बासिलिदेस या अलेक्झांड्रियातील पंथप्रमुखाचे अनुयायी त्या सुमारास ख्रिस्ताचा बाप्तिस्मा साजरा करतात असे म्हटले आहे, जन्म नव्हे. त्या तारखेचा मूळ अर्थ बाप्तिस्मा असेल तर नऊ महिन्यांचा सुंदर हिशेब थोडा सैल पडतो.

मागाहून समर्थन कसे रचले जाते याचा एक नमुना अंत्युखियात पाहायला मिळतो. योहान क्रिसोस्तोम याने ३८६ सालच्या सुमारास तिथे दिलेल्या प्रवचनात हा सण आपल्याकडे येऊन दहा वर्षेही झालेली नाहीत असे कबूल केले, आणि मग तारीख सिद्ध करायला घेतली. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या याजक मंदिरात धूप जाळण्यास गेला तो प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे सप्टेंबर. त्यानंतर त्याची पत्नी अलीशिबा हिला दिवस गेले. तिच्या सहाव्या महिन्यात मरीयेला देवदूताचा निरोप आला, म्हणजे मार्च. आणि त्यापुढे नऊ महिन्यांनी डिसेंबर. हिशेब नीट जुळतो, पण त्याचा पाया कच्चा आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी परमपवित्र स्थानी जाण्याचा अधिकार प्रमुख याजकाचा, आणि लूकच्या वर्णनात जखऱ्या हा पाळीप्रमाणे सेवा करणारा साधा याजक आहे. चिठ्ठ्या टाकून त्याच्यावर धूप जाळण्याचे काम आले होते. हा युक्तिवाद आजही पत्रिकांमधून छापला जातो. ‘जखऱ्या प्रमुख याजक होता’ असे वाक्य दिसले की मजकूर कुठून आला ते ओळखावे.

मग निवड कशी करावी? माझे मत असे की दोन्ही पक्ष ज्या चौकटीत उभे आहेत ती एकच आहे. रोमन दिनदर्शिकेत अयने आणि संपात परंपरेने मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या अखेरीस, प्रत्येक वेळी पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपूर्वीच्या आठव्या दिवशी धरले जात. चर्चने मार्चमध्ये गर्भधारणा आणि डिसेंबरमध्ये जन्म ठेवला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म जूनमध्ये ठेवला. जूनमध्ये तीस दिवस असल्यामुळे १ जुलैपूर्वीचा आठवा दिवस २५ ऐवजी २४ जूनला येतो, आणि योहानाचा सण आजही २४ जूनलाच आहे. म्हणजे सूर्याच्या वर्षाशी सण जोडण्याची इच्छा ख्रिस्ती लोकांची स्वतःची होती. ऑगस्टीनने योहानाच्या ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा’ या वचनाचा संबंध जूननंतर लहान होत जाणाऱ्या आणि डिसेंबरनंतर मोठ्या होत जाणाऱ्या दिवसांशी लावला आहे. खगोलदृष्ट्या चौथ्या शतकात अयनदिन चार-पाच दिवस आधीच येऊन जात होता, कारण ज्युलियन वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे आहे आणि साधारण १२८ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. पण लोकांच्या मनात अयनाची तारीख २५ हीच होती.

भित्तिपत्रकावर दोनच ओळींची जागा असेल तर मी असे लिहीन : ही ख्रिस्ताच्या जन्माची ज्ञात ऐतिहासिक तारीख नाही, रोममध्ये ३३६ च्या सुमारास ती रूढ झालेली दिसते, ती रोमन परंपरेतील अयनदिनावर आणि २५ मार्चनंतर नऊ महिन्यांवर पडते, आणि यांपैकी कोणत्या कारणाने ती प्रथम निवडली गेली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘मूर्तिपूजकांचा सण उचलला’ हे वाक्य टाळावे, कारण त्यात उचलण्याची दिशा गृहीत धरलेली आहे. ‘शास्त्राधारे सिद्ध झालेली तारीख’ हेही टाळावे.

आता बारा दिवसांच्या मोजणीकडे वळू. चौथ्या शतकाच्या अखेरीस पूर्वेने पश्चिमेचा २५ डिसेंबर आणि पश्चिमेने पूर्वेचा ६ जानेवारी स्वीकारायला सुरुवात केली. पश्चिमेत ६ जानेवारी म्हणजेच एपिफनी हा मुख्यतः पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांच्या, म्हणजे तीन राजांच्या, दर्शनाचा सण झाला, तर पूर्वेत ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा. दोन खांब उभे राहिल्यावर मधला काळ आपोआप उत्सवाचा झाला, आणि ५६७ साली फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने मठवासीयांच्या उपवासाचे नियम करताना नाताळ ते एपिफनी यांमधील दिवस सणाचे मानले. इंग्लंडात नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या कायद्याने मुक्त माणसांना नाताळच्या वेळी बारा दिवसांची सुटी दिली होती.

मतभेद आहे तो पहिल्या दिवसाविषयी. एक पद्धत २५ डिसेंबरला पहिला दिवस धरते. तिच्यात बारावा दिवस ५ जानेवारी, आणि एपिफनी हा बारा दिवस संपल्यावर येणारा वेगळा सण. दुसरी पद्धत २५ ला मुख्य सण मानून २६ पासून मोजते. तिच्यात बारावा दिवस ६ जानेवारी, म्हणजे खुद्द एपिफनी. जुन्या इंग्रजी वापरात ‘बारावा दिवस’ म्हणजे ६ जानेवारीच, त्यामुळे दुसरी पद्धतही परंपरेबाहेरची नाही. पुणेकरांना हा पेच नवा वाटू नये. गणपतीचा उत्सव सगळे दहा दिवसांचा म्हणतात, पण भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून चतुर्दशीपर्यंत दोन्ही टोके धरली तर तिथी अकरा भरतात. विसर्जनाचा दिवस मोजायचा की सोडायचा, एवढ्यावर आकडा बदलतो आणि उत्सवात काही फरक पडत नाही.

तरी एकाची निवड करायचीच असेल तर २५ ला पहिला दिवस धरणारी पद्धत मला अधिक सुसंगत वाटते, आणि कारण चर्चच्या स्वतःच्या दिनदर्शिकेत आहे. लूकच्या म्हणण्याप्रमाणे बाळ येशूची सुंता आठव्या दिवशी झाली, आणि तो सण १ जानेवारीला येतो. २५ ला पहिला धरल्याखेरीज १ जानेवारी आठवा होत नाही. मंदिरातील समर्पणाचा सण चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला येतो. डिसेंबरचे सात, जानेवारीचे एकतीस आणि फेब्रुवारीचे दोन मिळून बरोबर चाळीस होतात, तेही २५ धरूनच. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमला गेलेली यात्रेकरू एगेरिया तिथे एपिफनीपासून चाळिसावा दिवस थाटात पाळतात असे लिहिते. जन्म ६ जानेवारीचा मानल्यामुळे तो १४ फेब्रुवारीला येई, आणि तिथेही सुरुवातीचा दिवस धरलेलाच आहे. आठवा आणि चाळिसावा दिवस ज्या रीतीने मोजले, त्याच रीतीने बारावा मोजला की ५ जानेवारी येतो.

‘बारावी रात्र’ हा शब्द मात्र सांभाळून वापरावा. उपासनेच्या हिशेबात मोठा सण आदल्या संध्याकाळी सुरू होतो, म्हणून ५ जानेवारीची रात्र ही एपिफनीची पूर्वसंध्या आहे. पहिल्या पद्धतीत ती बाराव्या दिवसाची रात्र ठरते आणि दुसऱ्या पद्धतीत बाराव्या दिवसाची पूर्वरात्र. दोन्ही वाटांनी ती ५ तारखेलाच येते. गोंधळ होतो तो दुसरी पद्धत स्वीकारून ६ जानेवारी दिवसभर संपल्यावरची रात्र धरणाऱ्यांचा, किंवा नाताळच्या पूर्वसंध्येची, म्हणजे २४ तारखेची रात्र पहिली मानून ४ जानेवारीला सजावट उतरवणाऱ्यांचा.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. भारतातील लॅटिन विधीच्या कॅथलिक चर्चमध्ये एपिफनी ६ जानेवारीला अडकवलेली नसून २ ते ८ जानेवारी यांमध्ये येणाऱ्या रविवारी साजरी होते. २०२६ चा नाताळ घेऊन पाहा. २५ डिसेंबर शुक्रवारी आहे, १ जानेवारी २०२७ हाही शुक्रवारच, आणि एपिफनीचा रविवार ३ जानेवारीला पडतो. २५ पासून मोजले तर एपिफनीपूर्वी नऊच दिवस मिळतात, तर ६ जानेवारी येतो बुधवारी. २०२३ साली ८ जानेवारीला रविवार होता, तेव्हा हेच अंतर चौदा दिवसांचे झाले होते. म्हणून चर्चच्या पत्रिकेत ‘बारा दिवस’ आणि ‘एपिफनीचा रविवार’ एकाच वाक्यात घातले की जवळजवळ दरवर्षी कोणीतरी हिशेब चुकल्याचे पत्र पाठवते. कॅथलिक दिनदर्शिकेत नाताळचा उपासनाकाळ एपिफनीलाही संपत नाही; तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, आणि २०२७ मध्ये तो सण रविवारी, १० जानेवारीला येईल. गोव्यात मात्र रेईश मागुश, कासावली आणि चांदर येथील तीन राजांचे फेस्त ६ जानेवारीलाच ओळखले जाते, त्यामुळे गोव्याशी नाते असलेल्या कॅम्पातील कुटुंबांत दोन्ही तारखा जिवंत असतात.

यावरून ठरवायचे झाल्यास, कॅथलिक परिसरातील गोठा १० जानेवारीपर्यंत ठेवण्यास हरकत नसावी आणि घरची चांदणी ५ च्या रात्री किंवा ६ च्या दिवशी उतरवावी. यांत श्रद्धेचा कोणताही नियम मोडत नाही. ज्या मंडळ्या ६ जानेवारी ही ठरावीक तारीख पाळतात त्यांना ५ व ६ हेच सरळ पडते. सूचनाफलकावर ‘बारावा दिवस’ एवढेच न लिहिता तारीख आणि वार लिहावा, म्हणजे कोणत्या पद्धतीने मोजले हा प्रश्नच उरत नाही.

शेजारी रशियन किंवा इथिओपियन विद्यार्थी राहत असतील तर त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो. तो वेगळ्या जन्मतारखेमुळे नव्हे. रशियन चर्चची २५ डिसेंबर ही तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची आहे आणि ती सध्या आपल्या दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे आहे. त्यांचा एपिफनीचा सण १९ जानेवारीला येतो, म्हणजे बारा दिवसांचे अंतर तिथेही कायम आहे. इथिओपियाच्या पंचांगात महिने तीस दिवसांचे असून जन्म ताहसास महिन्याच्या २९ तारखेला आणि बाप्तिस्म्याचा सण पुढच्या तेर महिन्याच्या ११ तारखेला असतो. मोजून पाहिले तर अंतर पुन्हा बाराच. आर्मेनियन चर्चपुढे हा प्रश्न येतच नाही, कारण त्यांच्याकडे जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही ६ जानेवारीला एकाच उपासनेत साजरे होतात.